रविवारची सायकल फेरी आणि बोलता येईल इतका वेग

येत्या रविवारी सकाळी आमच्या सायकल गटाची फेरी वर्ध्याहून सेवाग्रामला जाऊन परत येणार आहे. जाऊन-येऊन अंतर साधारण १६ किलोमीटर. वाचकांपैकी ज्यांना यायचे असेल त्यांनी जरूर यावे, आणि ज्यांनी गेल्या दहा-वीस वर्षांत सायकलला हात लावलेला नाही त्यांनी तर अवश्य यावे. ही फेरी मुख्यतः त्यांच्यासाठीच आखलेली आहे.

आरोग्याच्या सदरात असे निमंत्रण का, असे कुणी विचारील. त्याचे कारण असे की, दिवाळी झाली आणि थंडी पडू लागली की दवाखान्यात एक प्रश्न वारंवार विचारला जातो : "डॉक्टरसाहेब, सायकल चालवायची म्हणतो, या वयात झेपेल का?" या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. झेपणे न झेपणे हे अंतरापेक्षा वेगावर अधिक अवलंबून असते. पंचावन्न वर्षांचा, घरी-दारी व्यवस्थित हिंडणारा-फिरणारा माणूस १६ किलोमीटर सायकल सहज चालवू शकतो. तोच माणूस पहिले ३ किलोमीटर पोरांच्या बरोबरीने पळवू लागला तर चौथ्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला बसतो. म्हणून आजच्या लेखात फेरीचा वेग कसा ठरवला, तो कसा ओळखावा आणि त्या वेगाभोवती सुरक्षिततेचे नियम कसे बांधलेले आहेत, हे सविस्तर सांगतो. येणाऱ्यांनी हा लेख एकदा वाचूनच यावे.

ताशी १२ किलोमीटर म्हणजे किती?

आपल्या फेरीचा वेग ताशी १२ किलोमीटर आहे. म्हणजे एका किलोमीटरला ५ मिनिटे. हातावर घड्याळ आणि रस्त्याच्या कडेला मैलाचे दगड असले तर दुसरे कोणतेही यंत्र लागत नाही. एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत ४ मिनिटांतच पोहोचलात तर तुमचा वेग ताशी १५ किलोमीटर झाला, म्हणजे पाय आवरायला हवा.

साध्या, बिनगिअरच्या सायकलवर आणखी एक सोपी खूण आहे. पायडलचा एक पूर्ण फेरा झाला की मोठ्या चाकाची साधी सायकल पाच मीटरच्या थोडी पुढे जाते. मिनिटाला ४० फेरे मारले तर २०० मीटरहून थोडे जास्त अंतर कापले जाते, म्हणजे ताशी १२ ते १३ किलोमीटर. तेव्हा उजवा पाय खाली गेला की एक, असे मोजावे. १५ सेकंदांत १० भरले की वेग बरोबर आहे. १४ किंवा १५ भरले तर तो जास्त आहे. गिअरच्या सायकलला हा हिशेब लागू पडत नाही. त्यांनी घड्याळ आणि दगडच पाहावेत, किंवा मोबाईलवर वेग दिसत असल्यास तो थांबल्यावर पाहावा, चालवताना नव्हे.

अर्थात, घड्याळाचा वेग सर्वांना सारखा असला तरी शरीराचा वेग प्रत्येकाचा निराळा असतो. समोरून वारा असेल, टायरमध्ये हवा कमी असेल, रात्री झोप झालेली नसेल, तर तोच १२ चा वेग एखाद्याला १६ सारखा जड जातो. म्हणून घड्याळावर विसंबण्यापेक्षा स्वतःच्या श्वासावर लक्ष ठेवणे अधिक खात्रीचे. त्याची कसोटी पुढे देतो.

बोलून पाहण्याची कसोटी

सायकल चालवता चालवता शेजारच्याला ऐकू जाईल अशा आवाजात एक पूर्ण वाक्य बोलावे. "आज रविवार आहे, आपण सेवाग्रामला चाललो आहोत आणि घरी जाऊन तर्री-पोहे खाणार आहोत." हे तेरा शब्दांचे वाक्य मध्ये श्वास न तोडता बोलता आले तर वेग योग्य आहे. 'आज रविवार आहे' म्हटल्यावर श्वास घ्यावा लागला, पुन्हा 'चाललो आहोत' नंतर घ्यावा लागला, तर वेग जास्त झाला आहे. एकेक शब्द तुटक निघू लागला तर सायकल हळू करून बाजूला थांबणेच बरे. उलट, वाक्याऐवजी आख्खे गाणे म्हणता येत असेल तर थोडा जोर लावायला हरकत नाही.

या कसोटीमागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आपण बोलतो ते श्वास बाहेर सोडताना. लांब वाक्य बोलायचे तर तेवढा वेळ नवा श्वास थांबवून धरावा लागतो. स्नायू संथपणे काम करीत असतात तोवर रक्तातून येणारा प्राणवायू त्यांना पुरतो आणि श्वास असा थांबवणे शरीराला परवडते. जोर एका मर्यादेपलीकडे गेला की स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचू लागते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकण्याची घाई होते, आणि मेंदू बोलण्यासाठी श्वास राखून ठेवू देत नाही. वाक्य तुटते ते यामुळे. म्हणजे तुटणारे वाक्य ही शरीराने दिलेली पहिली सूचना आहे, आणि ती छातीत धडधड किंवा डोळ्यांपुढे अंधारी येण्याच्या बरीच आधी मिळते.

ज्यांना नाडी मोजता येते त्यांनी तीही पाहावी. २२० मधून आपले वय वजा केले की हृदयाच्या ठोक्यांची साधारण वरची मर्यादा येते. नवख्याने त्याच्या ६० ते ७० टक्क्यांत राहावे. हा ढोबळ हिशेब आहे. एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-पंधरा ठोक्यांचा फरक सहज पडतो. शिवाय रक्तदाबासाठी वा हृदयासाठी ज्यांना अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या गोळ्या चालू आहेत त्यांची नाडी श्रम करूनही फारशी वाढत नाही. त्यांनी नाडीच्या आकड्यावर मुळीच विसंबू नये. बोलण्याची कसोटी मात्र त्यांनाही लागू पडते.

एका दुकानदाराची पहिली फेरी

गेल्या हिवाळ्यात आमच्या फेरीला आलेल्या एका गृहस्थांचे उदाहरण त्यांच्या परवानगीने देतो. वय ५२, किराणा दुकान, दिवसभर गादीवर बसून काम. रक्तदाब, साखर दोन्ही तपासलेले, औषध काही नाही. मुलाची कॉलेजच्या दिवसांतली सायकल पुसून-पासून घेऊन आले होते.

पहिले २ किलोमीटर ते ठरल्याप्रमाणे आले. मग त्यांच्या ओळखीचे दोन तरुण शेजारून पुढे निघाले आणि गप्पा तुटू नयेत म्हणून हेही त्यांच्या मागे लागले. पुढचा किलोमीटर साडेतीन मिनिटांत झाला, म्हणजे ताशी सुमारे १७ किलोमीटर. १२ वरून १७ हा फरक ऐकायला लहान वाटतो. पण वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १२ च्या वेगाला तो जेवढा असतो, त्याच्या दुप्पट तो १७ च्या वेगाला होतो. शिवाय तो विरोध दर मिनिटाला अधिक अंतरभर तोडावा लागतो. पायांना हा फरक लगेच कळतो.

तरुणांपैकी एकाने काही विचारले तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. मागून येणाऱ्या आमच्या सहकाऱ्याने ते पाहिले आणि त्यांना थांबवले. खांदे कानांकडे चढलेले, ओठ कोरडे, कपाळावर घाम. १५ सेकंदांत नाडीचे ३६ ठोके भरले, म्हणजे मिनिटाला १४४. त्यांच्या वयाला वरची मर्यादा २२० वजा ५२, म्हणजे १६८. त्याचे ६० ते ७० टक्के म्हणजे १०१ ते ११८. ते ८५ टक्क्यांपर्यंत पोहोचले होते. छातीत दुखणे, जबड्यात वा हातात कळ, चक्कर, यातले काही आहे का हे विचारले. तसे काही नव्हते. सायकल हातात धरून त्यांना सावकाश चालवत नेले, एकदम बसू दिले नाही. दोन मिनिटांनी नाडी १०८ झाली आणि ते नीट बोलू लागले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. जोराने सायकल चालवताना पायांच्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात आणि पायांचे स्नायूच रक्त वर ढकलण्यास मदत करीत असतात. अचानक थांबून उभे राहिले की ती मदत थांबते, रक्त पायांत साचते, मेंदूला कमी पडते आणि घेरी येते. म्हणून दमल्यावर ताबडतोब थांबून उभे राहू नये. आधी वेग कमी करावा, मग उतरून पन्नास-शंभर पावले चालावे. फेरीचा शेवटचा किलोमीटर आम्ही मुद्दाम आणखी हळू चालवतो तो याचसाठी.

उरलेला रस्ता ते सर्वांत मागे, किलोमीटरला साडेपाच मिनिटांच्या हिशेबाने आले. नाडी १०८ ते ११६ च्या दरम्यान राहिली. सेवाग्रामला वीस मिनिटे विश्रांती घेतली आणि परतताना एकदाही थांबावे लागले नाही. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या, तिसऱ्या दिवशी थांबल्या. पुढच्या तीन रविवारी त्यांनी अंतर तेवढेच ठेवले. चौथ्या रविवारी १२ चा वेग घेतला तेव्हा नाडी ११० च्या आसपास होती आणि बोलणे अखंड चालू होते. वेग वाढवायचा तो अशा क्रमाने.

ओळीचे नियम

गटात सायकल चालवताना वेग बिघडतो तो बहुधा ओळीमुळे. त्यामुळे ओळीचे नियम हे अपघात टाळण्यासाठी जितके आहेत तितकेच नवख्याचा श्वास जपण्यासाठीही आहेत.

सर्वांनी रस्त्याच्या डाव्या बाजूने, एकामागे एक चालावे. दोन सायकलींत तीन सायकलींची लांबी राहील इतके, म्हणजे साडेपाच मीटरच्या आसपास, अंतर ठेवावे. ताशी १२ किलोमीटरच्या वेगाने सायकल दर सेकंदाला तीन मीटरहून अधिक पुढे जाते. पुढच्याने ब्रेक लावलेला दिसून आपला हात ब्रेकवर आवळेपर्यंत एक सेकंद तरी जातोच. उरलेले अंतर सायकल थांबायला हवे असते. शेजारी-शेजारी गप्पा मारायला मनाई आहे असे नाही, पण त्या विश्रांतीच्या जागी. कसोटीचे वाक्य पुढच्याला ऐकू जाईल असे मोठ्याने म्हणावे, लाजू नये.

एका तुकडीत दहाच सायकली असतात. दहा सायकलींची ओळ वर सांगितलेल्या अंतराने सत्तर मीटरची होते. वीस जणांची एकच ओळ केली तर ती दीडशे मीटरच्या जवळ जाते आणि एसटी किंवा ट्रकला ती एका दमात ओलांडता येत नाही. मग तो अर्ध्यावर ओळीत शिरतो. दोन तुकड्यांत शंभर मीटरचे अंतर ठेवले तर त्याला मध्ये शिरायला जागा मिळते.

प्रत्येक तुकडीत पुढे एक मार्गदर्शक आणि मागे एक पाठराखा असतो. मार्गदर्शकाला कुणी ओलांडायचे नाही आणि पाठराख्याच्या मागे कुणी राहायचे नाही. तुकडीतल्या सर्वांत हळू सायकलस्वाराला मार्गदर्शकाच्या लगेच मागे ठेवतात. सगळ्यांचा वेग त्याच्यावरून ठरतो. तो मागे राहिला की पुढच्यांना त्याची दमछाक दिसत नाही. तो पुढे असला की आपोआप दिसते.

गतिरोधकाजवळ विशेष काळजी घ्यावी लागते. पहिली सायकल गतिरोधक ओलांडून लगेच वेग घेते तेव्हा शेवटची अजून अलीकडेच असते. मग मागच्यांना अंतर भरून काढण्यासाठी जोर मारावा लागतो. रस्त्यात असे पाच-सहा गतिरोधक आले की पुढचा माणूस शांतपणे आलेला असतो आणि शेवटचा पाच-सहा वेळा धावलेला असतो. म्हणून गतिरोधकानंतर शंभर मीटर मार्गदर्शकाने हळूच चालवायचे आणि पाठराख्याने "आलो" अशी हाक दिल्यावरच वेग घ्यायचा, असा आमचा नियम आहे. मागे राहणाऱ्यांनी धावून अंतर भरून काढू नये, हाक मारावी.

खड्डा, कुत्रे, मागून येणारी गाडी आणि थांबणे या चार गोष्टी तोंडाने सांगायच्या आणि पुढच्या-मागच्याने त्या पुढे पोहोचवायच्या. वळताना आधी हात दाखवायचा. कुत्रे मागे लागले तर पाय उचलून वेग वाढवू नये. उतरून सायकल मध्ये धरून उभे राहावे. कानात इअरफोन असल्यास फेरीत घेतले जाणार नाही. ओढणी, साडीचा पदर, मफलर आणि पायजम्याचा सैल पाय चाकात वा साखळीत अडकतो, तेव्हा ते नीट खोचून किंवा बांधून यावे.

शिरस्त्राण, म्हणजे हेल्मेट, सर्वांनी आणावे. ते मागे कलंडलेले नको. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटांवर असावी आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एक-दोन बोटेच जावीत. मोटारसायकलचे जड हेल्मेट यासाठी चालवू नये. त्याने मान अवघडते आणि मागचे ऐकू येत नाही.

सायकल आणि सीटची उंची

नवी सायकल घेण्याची गरज नाही. घरातली जुनी सायकल शनिवारी सायकलवाल्याकडे नेऊन हवा भरून, साखळीला तेल देऊन, ब्रेक आवळून आणावी. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढे ढकलावी. चाक फिरले तर ब्रेक अजून ढिले आहेत. टायर अंगठ्याने जोरात दाबून जेमतेम दबावा. हवा कमी असेल तर तेवढाच वेग गाठायला अधिक जोर लागतो, आणि दमछाक झाली की माणूस दोष वयाला देतो.

गुडघेदुखीच्या ज्या तक्रारी सायकलस्वार घेऊन येतात, त्यांत सीट फार खाली असणे हे कारण नेहमी सापडते. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल अगदी खाली न्यावे. त्या वेळी पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना पावलाचा पुढचा भाग पायडलवर ठेवला की गुडघा किंचित वाकलेला राहतो, तो योग्य. सीट खाली असेल तर गुडघा फार वाकतो आणि वाटीच्या पुढच्या बाजूला दुखते. सीट फार वर असेल तर बसल्या जागी कंबर डावी-उजवीकडे हलते आणि गुडघ्याच्या मागे ताण येतो. दुखते कुठे, यावरून सीट कोणत्या बाजूला चुकली हे बहुधा कळते.

मात्र बऱ्याच वर्षांनी सायकलवर बसणाऱ्याला पाय जमिनीला टेकले नाहीत तर भीती वाटते, आणि घाबरलेला माणूस पडतो. त्यांनी पहिल्या रविवारी दोन्ही चवडे टेकतील इतकी सीट खाली ठेवावी आणि पुढे दर आठवड्याला एक बोटभर वर घ्यावी. तीन-चार आठवड्यांत ती योग्य जागी येते.

कुणी आधी विचारून यावे?

चालताना किंवा जिना चढताना छातीवर दाब येणारे, मागे हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा पक्षाघात झालेले, श्रमाने चक्कर येऊन पडलेले, आणि रक्तदाब १८०/११० किंवा त्याहून वर असलेले, अशांनी आपल्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय येऊ नये. त्यांना सायकल कायमची बंद आहे असे नव्हे. तपासणी होऊन औषध बसले की त्यांच्यापैकी पुष्कळांना हाच व्यायाम सांगितला जातो.

मधुमेहाच्या रुग्णांसाठी वेगळी सूचना आहे. ज्यांना इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लॅमाइड यांसारख्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी सकाळचे औषध घेऊन उपाशीपोटी सायकल चालवू नये. औषध साखर खाली आणते आणि चालणारे स्नायूही रक्तातली साखर ओढून घेतात. दोन्ही एकाच वेळी झाले की हात थरथरतात, दरदरून घाम येतो, भूक उसळते, बोलणे गोंधळते. सायकलवर हा घाम श्रमाचाच वाटतो, हा खरा धोका. ओळखण्याची खूण अशी की, श्रमाचा घाम आणि धडधड दोन-तीन मिनिटे थांबल्यावर कमी होऊ लागते. साखर उतरल्याची थरथर थांबूनही वाढतच जाते. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी, १५ मिनिटे बसावे, बरे न वाटल्यास पुन्हा तेवढीच घ्यावी. त्या दिवशी पुढे सायकल चालवू नये. या रुग्णांनी सकाळच्या गोळीची किंवा इन्सुलिनची वेळ आणि मात्रा रविवारपुरती कशी ठेवायची हे आपल्या डॉक्टरांना आठवड्यात विचारून घ्यावे, निघण्यापूर्वी थोडे खाऊन यावे आणि साखरेची पुडी खिशात ठेवावी. श्रमाचा परिणाम काही तास टिकतो, त्यामुळे दुपारचे जेवणही टाळू नये.

वाटेत कुणालाही छातीच्या मध्यभागी दाबल्यासारखे वाटले, कळ जबड्याकडे किंवा हाताकडे गेली, गार घाम सुटला, तर 'गॅस असेल, सोडा घेऊ' असे म्हणत पुढे जाऊ नये. मांड्यांची जळजळ थांबल्यावर लगेच ओसरते, ती श्रमाची. छातीवरचा दाब ही निराळी गोष्ट आहे. तो दोन मिनिटांत ओसरला तरी त्या माणसाने सायकलवर परत बसायचे नाही. पाठराख्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णाला वाहनाने न्यावे. आपल्या फेरीच्या दुसऱ्या टोकाला सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे, हेही ध्यानात असावे.

कुणी पडून डोक्याला मार लागला आणि नंतर उलटी झाली, गुंगी आली किंवा तो तेच तेच विचारू लागला, तर वरून जखम दिसत नसली तरी रुग्णालयात न्यावे. खरचटले असेल तर साबण-पाण्याने धुवावे, हळद वा माती लावू नये, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले होते ते आठवावे.

रविवारचा कार्यक्रम

सकाळी ६ वाजून १५ मिनिटांनी बजाज चौकात जमायचे. कागदावर आपले नाव, घरचा फोन नंबर आणि चालू औषधे लिहायची. परतल्यावर त्याच कागदावरून मोजणी होते. नीट उजाडल्यावर, साडेसहाला निघायचे. पहिली दहा मिनिटे १२ पेक्षाही हळू, स्नायू आणि हृदय तयार होईपर्यंत. सव्वासातच्या सुमारास सेवाग्राम. तेथे आश्रमाबाहेर वीस मिनिटे थांबायचे, पाणी प्यायचे. सव्वाआठ ते साडेआठपर्यंत चौकात परत. वर्गणी नाही. भिन्न वेगाची शर्यत नाही. ज्यांना ताशी २० किलोमीटरने जायचे आहे त्यांनी हा रविवार आमच्याबरोबर पाठराखे म्हणून यावे, त्यांचा उपयोग होईल.

बरोबर पाण्याची एक लिटरची बाटली, एक केळे, हेल्मेट आणि हातरुमाल आणावा. येण्याआधी भरपेट नाश्ता नको. चहा आणि दोन बिस्किटे किंवा अर्धा ग्लास दूध पुरे. १४ वर्षांखालील मुलांनी आई किंवा वडिलांबरोबरच यावे. ज्या भगिनींना सायकल येते पण रस्त्यावर नेण्याचा धीर होत नाही त्यांच्यासाठी एक तुकडी वेगळी ठेवली आहे. तिची पाठराखण अनुभवी सायकलस्वार महिलाच करतात.

अर्ध्या वाटेवरून परत फिरावेसे वाटले तर पाठराख्याला सांगावे. एक सहकारी सोबत परत येईल. ४ किलोमीटरवरून परतला तरी त्या माणसाची ८ किलोमीटरची फेरी पूर्ण झालेली असते, आणि पुढच्या रविवारी कुठपर्यंत जायचे हे त्याला नेमके कळलेले असते.